अन्नजाळ्याच्या आकृतीचा फोटो मुलांना कसा समजावून सांगावा: बाण आणि नावे वाचण्याचा योग्य क्रम

सहावी ते आठवीतल्या मुलांकडून पाठ्यपुस्तकातल्या किंवा वहीतल्या आकृतीचा फोटो येतो आणि सोबत एवढेच लिहिलेले असते की हे समजले नाही. आईवडील, मोठी भावंडे आणि शिकवणी घेणारे बहुतेक जण मग लगेच ‘गवत हरीण खाते, हरणाला वाघ खातो’ असे सांगू लागतात, म्हणजे आकृतीत काय काढले आहे ते बाजूला राहते आणि स्वतःला जे ठाऊक आहे ते सांगितले जाते. मुलाला गोष्ट कळते, मात्र बाण वाचता येत नाहीत, आणि परीक्षेत वेगळ्या प्राण्यांचे अन्नजाळे आले की ते पुन्हा अडते. या लेखात फोटो हाती आल्यापासून मूल स्वतः आकृती वाचू लागेपर्यंतचा क्रम दिला आहे. त्यासाठी भातशेतीतले एक अन्नजाळे घेतले असून प्रत्येक टप्पा त्याच्यावरच करून दाखवला आहे.

टप्पा १: समजावण्यापूर्वी फोटो तपासा

अन्नजाळ्यात अर्थ बाणाच्या टोकात असतो आणि फोटोत सर्वांत आधी नाहीसे होते ते हेच बारीक टोक. पुस्तक नीट उघडले नसेल तर दोन पानांच्या मधल्या खाचेत एखादा बाण अर्धा दिसतो. गुळगुळीत कागदावर दिव्याची चमक पडली तर त्या जागेवरची नावे पुसल्यासारखी होतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की तो लहान होतो, आणि मोठा करून पाहिल्यावर बाणाचे टोक नुसत्या काळ्या ठिपक्यासारखे दिसते.

म्हणून मुलाला दोन फोटो पाठवायला सांगा. एकात शीर्षक, चित्राखालची ओळ आणि प्रश्न यांसह पूर्ण पान असावे आणि दुसऱ्यात फक्त आकृती. पान खिडकीच्या उजेडात सपाट ठेवावे, फ्लॅश बंद असावा, मोबाईल पानाच्या बरोबर वर आडवा धरावा, आणि शक्य असल्यास फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे त्याचा बारकावा टिकतो. चित्राखालची ओळ बऱ्याचदा कापली जाते, आणि बाण कशाचे आहेत हे नेमके तिथेच लिहिलेले असते.

इशारा: एखाद्या बाणाचे टोक दिसत नसेल तर ते अंदाजाने ठरवून पुढे जाऊ नका. तो बाण तुटक रेषेने काढून ठेवा आणि मुलाला पुस्तकात पाहून सांगायला लावा. मुलाने पेन्सिलीने मारलेल्या खुणाही आकृतीचा भाग समजल्या जाऊ शकतात, तेव्हा छापलेले काय आणि नंतर काढलेले काय हे आधी विचारून घ्या.

टप्पा २: आकृती कागदावर उतरवा आणि बाणांना क्रमांक द्या

फोटोकडे बोट दाखवून समजावणे सोपे वाटते, पण एकमेकांना छेदणाऱ्या रेषांमध्ये मुलाची नजर मध्येच दुसऱ्या बाणावर घसरते आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. त्यामुळे कोऱ्या कागदावर फक्त नावे लिहा, चित्रे काढू नका, आणि प्रत्येक बाण नव्याने काढून त्याला क्रमांक द्या. हे काम मुलानेच करावे आणि आपण फोटोशी पडताळून पाहावे. आपल्या उदाहरणात नऊ सजीव आणि बारा बाण आहेत:

१. भात → नाकतोडा
२. गवत → नाकतोडा
३. भात → उंदीर
४. भात → चिमणी
५. नाकतोडा → चिमणी
६. नाकतोडा → बेडूक
७. उंदीर → धामण
८. बेडूक → धामण
९. उंदीर → गव्हाणी घुबड
१०. चिमणी → धामण
११. धामण → सर्पगरुड
१२. बेडूक → सर्पगरुड

दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे त्यांचा काहीही संबंध नसतो. रेषा जिथे सुरू होते त्या सजीवापासून टोकापर्यंत पेन्सिल न उचलता जायचे, मध्ये वळायचे नाही, एवढा एकच नियम मुलाला द्या. टोक नसलेली साधी रेषा दिसली तर ती बहुधा नाव दाखवणारी रेषा असते आणि तिला क्रमांक द्यायचा नसतो.

पडताळणी: फोटोतले बाण मोजा आणि कागदावरचे मोजा. संख्या जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

टप्पा ३: एकच बाण घेऊन त्याचा अर्थ पक्का करा

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण मुलांच्या बहुतेक चुका याच ठिकाणी जन्म घेतात. अन्नजाळ्यातला बाण खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जातो. अन्न, आणि अन्नाबरोबर त्यात साठलेली ऊर्जा, ज्या दिशेने सरकते ती दिशा बाणाचे टोक दाखवते. मुलांना मात्र बाण म्हणजे ‘हा त्याला खातो’ असे वाटते. शिकारी भक्ष्याच्या अंगावर धावून जातो हे त्यांनी पाहिलेले असते, आणि त्यामुळे बाणही शिकाऱ्याकडून भक्ष्याकडे जायला हवा अशी त्यांची खात्री असते. ही समजूत अगदी स्वाभाविक आहे, म्हणून ‘चूक’ एवढे म्हणून ती जात नाही.

त्यात आपली नेहमीची वाक्यरचना भर घालते. ‘नाकतोडा भात खातो’ या वाक्यात नाकतोडा आधी येतो आणि भात नंतर, तर बाणात भात आधी आणि नाकतोडा नंतर असतो. मूल बाणाच्या शेपटीपासून वाचायला लागते, तोंडात ‘खातो’ हेच क्रियापद असते, आणि ‘भात नाकतोडा खातो’ असे काहीतरी अर्धवट निघते. मग ते गोंधळून बाणच उलटा करते.

यावर उपाय म्हणून सुरुवातीला ‘खातो’ हे क्रियापद पूर्णपणे बाजूला ठेवा आणि प्रत्येक बाण एकाच ठरावीक वाक्याने वाचून घ्या: ‘भातातले अन्न नाकतोड्याच्या शरीरात जाते.’ या वाक्यात शब्दांचा क्रम आणि बाणाचा क्रम एकच राहतो. क्रमांक १ चा बाण असा वाचून झाल्यावर मुलाला विचारा, ‘मग इथे कोणी कोणाला खाल्ले?’ उत्तर त्याने स्वतः काढावे. नंतर क्रमांक ७ चा बाण द्या, कारण तिथे शिकारी आणि भक्ष्य दोन्ही प्राणी आहेत आणि जुनी समजूत तिथेच डोके वर काढते. ‘उंदरातले अन्न धामणीच्या शरीरात जाते’ हे वाक्य मुलाने न अडखळता म्हटले, तर अर्थ बसला असे समजायला हरकत नाही.

इशारा: मुलाने स्वतः काढलेल्या आकृतीत सगळेच बाण उलटे असतील तर ते एकेक करून दुरुस्त करत बसू नका. एका बाणावर वरची कृती करा आणि उरलेले त्यालाच तपासू द्या. काही उलटे आणि काही सुलटे असतील, तर मात्र त्याने अर्थ न लावता चित्र पाहून नक्कल केली आहे असे समजावे आणि हा टप्पा पुन्हा घ्यावा.

टप्पा ४: येणारे आणि जाणारे बाण मोजा

आता प्रत्येक सजीवाजवळ दोन आकडे लिहायला सांगा: त्याच्याकडे येणारे बाण किती आणि त्याच्यापासून निघणारे बाण किती. आपल्या आकृतीत ते असे येतात:

- भात: येणारे ०, जाणारे ३
- गवत: येणारे ०, जाणारे १
- नाकतोडा: येणारे २, जाणारे २
- उंदीर: येणारे १, जाणारे २
- चिमणी: येणारे २, जाणारा १
- बेडूक: येणारा १, जाणारे २
- धामण: येणारे ३, जाणारा १
- गव्हाणी घुबड: येणारा १, जाणारे ०
- सर्पगरुड: येणारे २, जाणारे ०

येणाऱ्यांची बेरीज १२ आणि जाणाऱ्यांचीही १२ आली पाहिजे, कारण प्रत्येक बाणाला एक शेपूट आणि एक टोक असते. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी बाण सुटला आहे किंवा दोनदा मोजला आहे.

या आकड्यांतून आकृतीची रचना आपोआप उलगडते आणि त्यासाठी प्राण्यांची माहिती असण्याचीही गरज पडत नाही. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही तो उत्पादक, कारण तो या आकृतीतल्या कोणाकडूनही अन्न घेत नाही, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतः तयार करतो. ज्याच्यापासून एकही बाण निघत नाही तो त्या आकृतीपुरता सर्वोच्च भक्षक. येणारे बाण म्हणजे अन्नाचे पर्याय आणि जाणारे बाण म्हणजे त्याला खाणारे. अनोळखी सजीवांचे अन्नजाळे परीक्षेत आले तरी ही मोजणी तशीच लागू पडते, म्हणून ती मुलाच्या हाताला लागेपर्यंत सराव घ्यावा.

टप्पा ५: उत्पादकापासून सुरू करून साखळ्या काढा

अन्नजाळे म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या अन्नसाखळ्या, हे पाठ असलेले वाक्य इथे प्रत्यक्ष करून पाहायचे. उत्पादकापासून निघायचे, बाणाच्या दिशेनेच जायचे, आणि ज्याच्यापासून बाण निघत नाही तिथे थांबायचे. मुले मधूनच सुरुवात करतात किंवा सर्वोच्च भक्षकापासून उलट मागे येतात, आणि मग साखळी अर्धवट राहते किंवा बाण उलटे लिहिले जातात.

एका उत्पादकाच्या सर्व वाटा संपवल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नये. भातापासून सहा साखळ्या निघतात:

भात → उंदीर → गव्हाणी घुबड
भात → उंदीर → धामण → सर्पगरुड
भात → चिमणी → धामण → सर्पगरुड
भात → नाकतोडा → चिमणी → धामण → सर्पगरुड
भात → नाकतोडा → बेडूक → धामण → सर्पगरुड
भात → नाकतोडा → बेडूक → सर्पगरुड

गवत फक्त नाकतोड्याकडे जाते, म्हणून शेवटच्या तीन साखळ्या गवतापासूनही तशाच निघतात. एकूण नऊ. मुलाच्या यादीत सात-आठच आल्या तर बहुधा ‘बेडूक → सर्पगरुड’ हा बाण सुटलेला असतो, कारण धामणीवरून जाणारा लांबचा मार्ग आधी डोळ्यांत भरतो.

टप्पा ६: पातळ्या साखळीवर लिहा, प्राण्यावर नव्हे

‘चिमणी प्राथमिक भक्षक की द्वितीयक?’ या प्रश्नावर मूल एकच उत्तर शोधत राहते. पातळी हा त्या प्राण्याचा कायमचा शिक्का नसून विशिष्ट साखळीतले त्याचे स्थान असते. भाताचे दाणे खाताना चिमणी प्राथमिक भक्षक आहे आणि नाकतोडा खाताना तीच द्वितीयक भक्षक होते. धामणीचेही तसेच: उंदरावाटे अन्न मिळाले तर ती द्वितीयक, बेडकावाटे मिळाले तर तृतीयक.

म्हणून वर काढलेल्या प्रत्येक साखळीखाली डावीकडून ‘उत्पादक, प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक’ आणि साखळी पाच सजीवांची असेल तर पुढे ‘चतुर्थक’ असे लिहून घ्यावे. फोटोत काही प्राणी वर आणि काही खाली काढलेले असतात, त्यावरून पातळी ठरवू देऊ नका. जागा पुरावी म्हणूनही चित्रकार एखादा प्राणी वर सरकवतो.

पडताळणी: मुलाने ‘चिमणी ही प्राथमिक भक्षक आहे’ असे म्हटले की ‘कोणत्या साखळीत?’ असा प्रश्न विचारा. थोड्या वेळाने मूल तो जोड आपणहून देऊ लागते.

टप्पा ७: सूर्य, विघटक आणि प्रकाशसंश्लेषण यांचे बाण वेगळे काढा

अनेक आकृत्यांमध्ये वरच्या कोपऱ्यात सूर्य आणि खाली बुरशी व जिवाणू असतात आणि त्यांचेही बाण त्याच रंगात छापलेले असतात. टप्पा ३ मधले वाक्य इथे लावून पाहिले की अडचण लगेच कळते: ‘सूर्यातले अन्न भाताच्या शरीरात जाते’ असे म्हणता येत नाही. सूर्याकडून वनस्पतीकडे फक्त ऊर्जा जाते. अन्न तयार होते ते वनस्पतीत, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून. मृत सजीवांपासून विघटकांकडे जाणारा बाण अन्नाचा आणि ऊर्जेचा आहे. विघटकांकडून माती आणि मातीतून वनस्पतीकडे जाणारा बाण मात्र क्षारांचा आहे, ऊर्जेचा नाही. हा फरक सांगितला नाही तर मुलाला ऊर्जा फिरून पुन्हा वनस्पतीकडे येते असे वाटते. वास्तविक प्रत्येक पायरीवर तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपात बाहेर पडतो आणि तो सजीवांना पुन्हा वापरता येत नाही. म्हणून हे तीन प्रकारचे बाण तीन रंगांच्या पेन्सिलींनी गिरवून घ्यावेत.

त्याच पानावर प्रकाशसंश्लेषणाची आकृती असेल, तर तिथे बाणांचा अर्थ आणखी बदलतो हे आधीच सांगून ठेवा. पानाकडे येणारे बाण आत काय जाते ते दाखवतात, पानापासून दूर जाणारे बाण बाहेर काय पडते ते दाखवतात, आणि समीकरणातला बाण कशापासून काय तयार होते ते दाखवतो:

6CO₂ + 6H₂O → C₆H₁₂O₆ + 6O₂

सूर्यप्रकाश आणि हरितद्रव्य ही नावे या बाणाच्या वर-खाली लिहिलेली असतात. मुले ती डावीकडे पाण्याच्या रांगेत मिळवतात, म्हणजे प्रकाश हा पदार्थ असल्यासारखे लिहितात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मुळाकडून पानाकडे जाणारा बाण ‘मातीतले अन्न’ म्हणून वाचणे. त्या बाणाने पाणी आणि क्षार वर जातात, शर्करा पानात तयार होते आणि तिथून उरलेल्या झाडाकडे जाते. दोन्ही आकृत्यांचा दुवा दाखवायचा असेल तर याच शर्करेवर बोट ठेवा: भाताच्या पानात तयार झालेले हे अन्न दाण्यात साठते आणि बाण क्रमांक ३ ने उंदराकडे जाते.

टप्पा ८: ‘एक सजीव कमी झाला तर’ हा प्रश्न बाणांवरून सोडवा

आपल्या आकृतीत बेडूक कमी झाले असे समजा. मूल घाईने ‘धामण उपाशी मरेल’ असे लिहिते. आधी बेडकाला जोडलेल्या बाणांवर खूण करायला सांगा: क्रमांक ६, ८ आणि १२. त्यानंतर एकेका बाणाचा परिणाम विचारा. क्रमांक ६ वरून नाकतोड्यांना खाणाऱ्यांपैकी एक कमी झाला, म्हणजे नाकतोडे वाढू शकतात आणि त्याचा भार भात व गवतावर पडू शकतो. क्रमांक ८ वरून धामणीच्या अन्नाच्या तीन पर्यायांपैकी एक गेला, पण उंदीर आणि चिमणी हे दोन उरले. म्हणून ती बहुधा त्यांच्याकडे अधिक वळेल आणि त्यांची संख्या घटू शकेल. क्रमांक १२ वरून सर्पगरुडाकडे दोनांपैकी एकच पर्याय, धामण, राहिला. हा प्रश्न पुस्तकापुरता नाही. बेडकांच्या पायांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली, आणि शेतातल्या किडी खाणारे बेडूक मोठ्या प्रमाणावर पकडले जाणे हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते.

उत्तरात ‘वाढेल’ ऐवजी ‘वाढू शकेल’ असे लिहायला सांगावे, कारण बाण असतो किंवा नसतो एवढेच आकृती दाखवते. धामण उंदीर किती खाते आणि बेडूक किती, हे तिच्यात नसते. बाणाच्या जाडीवरूनही मुलांनी प्रमाण काढू नये, जोपर्यंत चित्राखाली तसे लिहिलेले नाही. एकाच प्रश्नात दोन परिणाम उलटसुलट आले तर, उदाहरणार्थ चिमण्यांना नाकतोडे जास्त मिळतात पण धामणही त्यांच्या मागे लागते, दोन्ही लिहावेत आणि कोणता मोठा हे आकृतीवरून ठरत नाही असे स्पष्ट म्हणावे. अनेक शिक्षक अशा उत्तराला पूर्ण गुण देतात, पण प्रश्नात ‘एक परिणाम लिहा’ असे असेल तर ज्याच्यापर्यंत एकच बाण ओलांडून पोहोचता येते तो परिणाम निवडावा.

टप्पा ९: शेवटची चाचणी

मूळ फोटो पुन्हा समोर ठेवा, कागदावरची यादी झाकून टाका आणि कोणत्याही दोन बाणांवर बोट ठेवून मुलाला ते वाचायला सांगा. त्यानंतर एक नवा सजीव द्या, उदाहरणार्थ बेडूक आणि उंदीर खाणारा मुंगूस, आणि त्याचे बाण आकृतीत काढायला सांगा. दोन्ही बाणांची टोके मुंगसाकडे आली, चौथ्या टप्प्यातल्या यादीत बेडूक आणि उंदीर यांचे जाणारे बाण प्रत्येकी तीन झाले आणि दोन्ही बेरजा १४ वर जुळल्या, तर काम पूर्ण झाले. टोके उलट्या बाजूला गेली, तर टप्पा ३ मधले वाक्य मुंगसाला लावून मोठ्याने म्हणायला सांगा आणि बाण त्यालाच दुरुस्त करू द्या.